गोव्यात दुकान भाडेपट्ट्यानं घेताना: मुदत, भाडेवाढ, आतलं काम आणि बाहेर पडण्याच्या अटी

दुकान बघायला गेलं की आपण आधी भाडं विचारतो, मग डिपॉझिट. सहीच्या दिवशी घासाघीसही याच दोन आकड्यांवर होते. खरं नुकसान मात्र तिसऱ्या आकड्यात होतं, तो म्हणजे आत घातलेला पैसा. टाइल्स, सीलिंग, काच, वायरिंग यांवर केलेला खर्च वसूल व्हायला किती महिने लागतील? आणि तेवढे महिने तुम्हाला कोणी उठवू शकणार नाही, असं कागदावर आहे का? पट्ट्यातली बाकीची कलमं या प्रश्नाभोवती बसवायची.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. फोंड्यात ४५ चौरस मीटर कार्पेटचं दुकान, धंदा तयार कपड्यांचा. भाडं महिना ४०,०००, डिपॉझिट २,४०,०००, आतलं काम ७,५०,००० रुपयांचं.

## १. मुदत ठरवण्याआधी कामाचा हिशेब करा

साडेसात लाख ६० महिन्यांवर पसरले तर महिन्याला १२,५०० पडतात. म्हणजे दुकान तुम्हाला ४०,००० ला नव्हे, ५२,५०० ला पडलं. तेच पैसे ११ महिन्यांत वसूल करायचे म्हटलं तर महिन्याला ६८,००० च्या वर जातात, भाडं वेगळंच. म्हणून इतकं काम करायचं असेल तर ११ महिन्यांचा कागद तुमच्या कामाचा नाही. मालकानं कितीही सांगितलं की "दरवर्षी करून देतो, काळजी करू नका."

ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्टनुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. पाच वर्षांचा पट्टा साध्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरीचा शिक्का मारला, तर त्यातली पाच वर्षांची मुदत कोर्टात टिकत नाही. कोर्ट तुम्हाला महिना-दर-महिना भाडेकरू धरतं, आणि तसला भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. गोव्यात हा घोळ जरा जास्त होतो, कारण पोर्तुगीज काळात नोटरीच्या वहीत लिहिलेला दस्त भक्कम समजला जायचा. "नोटरीकडे केलंय" हे शब्द जुन्या माणसांना अजून धीर देतात. आजच्या नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

मालक बऱ्याचदा भाडेपट्टा नको, लीव्ह अँड लायसन्स करू म्हणतात. त्यामागे १९६८ चा गोव्याचा भाडेनियंत्रण कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतीतून भाडेकरूला उठवायचं तर मालकाला कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं. मालकाची भीती समजण्यासारखी आहे. पण लायसन्समध्ये जागेवर तुमचा हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. वाद झाला तर कोर्ट कागदाचं नाव बघत नाही, जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता हे बघतं. सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्येच हे तत्त्व मांडलं आहे. तरीही साडेसात लाख घालून मग त्या वादावर भरवसा ठेवू नये. मोठं काम असेल तर नोंदणीकृत भाडेपट्टाच मागा.

मुदतवाढीच्या कलमात एक शब्द शोधा: "परस्पर संमतीने". तो असेल तर मुदतवाढीचा हक्क तुम्हाला मिळालेलाच नाही, कारण मालक नाही म्हणू शकतो. त्याऐवजी साधारण असं लिहून घ्या: "मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी भाडेकरूने लेखी कळवल्यास त्यास आणखी पाच वर्षांची मुदतवाढ घेण्याचा हक्क राहील, त्या काळातील भाडे कलम अमुकमधील भाडेवाढीनुसार राहील." भाड्याचं सूत्र नसेल तर हक्क असूनही तुम्ही मालकाच्या आकड्यावर अडकता.

## २. सही कोणाकोणाची लागते ते आधी तपासा

गोव्यात लग्नानंतर, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. पट्ट्यावर म्हणून दोघांच्या सह्या घ्या, विक्रीखतावर एकट्याचं नाव असलं तरी. वडिलोपार्जित दुकान असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, होऊन वाटणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर भाडं एक भाऊ घेतो आणि दोन वर्षांनी दुसरा भाऊ दारात येतो. सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार सही करायला तयार नसतील तर त्या दुकानात टाइल्स घालू नका.

मालक परदेशात असेल तर इथला नातेवाईक मुखत्यारपत्रावर सही करतो. त्या मुखत्यारपत्रात भाडेपट्टा करण्याचा आणि तो नोंदवण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला हवा. "मालमत्तेची देखभाल करणे" एवढ्यानं भागत नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हेही बघा.

दुकान बँकेकडे गहाण असेल तर आणखी एक अडचण आहे. गहाण टाकलेली इमारत मालक बँकेच्या संमतीशिवाय तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देऊ शकत नाही. तुमचा पट्टा पाच वर्षांचा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला पट्ट्याला जोडून घ्या. नाही तर मालकाचं कर्ज थकल्यावर बँक तुमचा पट्टा मोजणार नाही.

मालकाकडून हे कागद घ्या:

- विक्रीखत, बक्षीसपत्र किंवा इन्व्हेंटरीचा निकाल. फॉर्म १ व १४ (शहर सर्वेक्षणाच्या भागात फॉर्म डी) जमिनीचा असतो. इमारतीतल्या एकेका दुकानाचा मालक त्यात बहुधा सापडत नाही, म्हणून विक्रीखत हाच मुख्य आधार.
- सब-रजिस्ट्रारकडचा भारमुक्त दाखला
- ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि मंजूर नकाशा
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती, त्या दुकानाच्या क्रमांकासह
- शेवटचं वीजबिल, मंजूर लोड त्यावरच कळतो
- मालक आणि जोडीदार यांचे पॅन व आधार
- सोसायटी असेल तर तिचा ना हरकत दाखला

ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघा. नकाशात जिथं पार्किंग दाखवलंय तिथं शटर बसवून केलेली दुकानं पुष्कळ आहेत. भाडं कमी असतं म्हणून मोह होतो, पण पंचायत किंवा नगरपालिका धंद्याचा परवाना अडवते, आणि तोवर काम झालेलं असतं. यावर उपाय म्हणून एक कलम घाला: इमारतीच्या कागदपत्रांमुळे परवाना ९० दिवसांत मिळाला नाही तर पट्टा रद्द, डिपॉझिट पूर्ण परत.

## ३. भाडं आणि भाडेवाढ: टक्क्यापेक्षा शब्द महत्त्वाचे

दोन प्रस्ताव समोर येतात. एक, दरवर्षी ५ टक्के. दुसरा, तीन वर्षांनी १५ टक्के. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात. आपल्या दुकानावर लावून बघू.

दरवर्षी ५ टक्क्यांनी भाडं ४०,०००, ४२,०००, ४४,१००, ४६,३०५ आणि पाचव्या वर्षी सुमारे ४८,६२० होतं. पाच वर्षांचं एकूण २६,५२,००० च्या आसपास. तीन वर्षांनी १५ टक्के असेल तर पहिले ३६ महिने ४०,००० आणि पुढचे २४ महिने ४६,०००, एकूण २५,४४,०००. फरक एक लाखाहून जास्त, आणि त्यातले ७३,००० च्या आसपास धंदा बसत असतानाच्या पहिल्या तीन वर्षांतच वाचतात. मालक दुसऱ्याला तयार असेल तर तोच घ्या.

आता शब्द. "१५ टक्के किंवा त्यावेळचा बाजारभाव, यांपैकी जे जास्त असेल ते" हे वाक्य दिसलं की ते काढायला लावा. त्यात १५ टक्क्यांची मर्यादा उरतच नाही. वाढ केव्हापासून मोजायची तेही लिहा. काम करण्यासाठी ४५ दिवस बिनभाड्याचे मिळाले असतील, तर वाढीचं वर्ष भाडं सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजलं पाहिजे, सहीच्या तारखेपासून नव्हे. वर्षाला ५ टक्के असताना एवढ्याशा चुकीनं चार वाढींत मिळून १३,००० च्या आसपास जातात.

डिपॉझिट रुपयांत लिहा. "सहा महिन्यांचं भाडं" असं लिहिलं तर भाड्याबरोबर तेही वाढतं, आणि पाचव्या वर्षी मालक आणखी ५१,७०० मागू शकतो.

भाडं चौरस मीटरवर ठरलं असेल तर स्वतः टेप लावून मोजा. सुपर बिल्ट-अपवर भाडं घेणं बेकायदा नाही, पण कार्पेट किती ते पट्ट्यात यायला हवं. जीएसटीबद्दलही एक ओळ हवी: भाडं "जीएसटी वगळून" की "धरून". मालक नोंदणीकृत असेल तर ४०,००० वर १८ टक्के म्हणजे ७,२००. मालक नोंदणीकृत नाही आणि तुम्ही आहात, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा असतो. १६ जानेवारी २०२५ पासून जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळलं आहे.

## ४. आतलं काम: काय घालता आणि काय नेता

कामाची यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा. आपल्या दुकानात असे:

- भिंतीला आणि जमिनीला चिकटलेलं: टाइल्स १,१०,०००, सीलिंग, वायरिंग व पॅनेल १,८०,०००, पुढची काच १,३०,०००. एकूण ४,२०,०००.
- काढून नेता येणारं: एसी १,२०,०००, रॅक व काउंटर १,८०,०००, बोर्ड ३०,०००. एकूण ३,३०,०००.

ही यादी पट्ट्याला परिशिष्ट म्हणून जोडा. कायद्यानं भाडेकरूला आपण बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच, आणि जागा मिळाली तशी ठेवून. चावी दिली की हक्क संपला. "एसी नंतर नेतो" असं तोंडी सांगून चावी देणारे लोक पुढे मालकाच्या मेहेरबानीवर असतात.

कोणत्या कामाला परवानगी लागेल तेही आधीच ठरवा. रंग, रॅक, दिवे, विभाजनाचं प्लायवूड यांना मालकाची वेगळी परवानगी नको. भिंत फोडणं, माळा घालणं, शटर पुढे नेणं यांना मालकाची लेखी संमती हवीच. माळ्याला आणि भिंतीला पंचायत किंवा नगरपालिकेचीही परवानगी लागते. मालकानं होकार दिला म्हणून ते काम कायदेशीर होत नाही. "मालकाने संमती दिली नाही तर १५ दिवसांत लेखी कारण द्यावे, अन्यथा संमती समजली जाईल" ही ओळ कामाचा खोळंबा टाळते.

वीज हा इथला नेहमीचा घोटाळा. जुन्या दुकानाचा मंजूर लोड एका पंख्याचा आणि चार दिव्यांचा असतो. तुम्ही दोन एसी लावता. लोड वाढवायचा अर्ज वीज खात्याकडे मीटरधारकाच्या, म्हणजे बहुधा मालकाच्या, नावानं जातो. त्यानं सात दिवसांत सह्या द्याव्यात आणि लोड मंजूर होईपर्यंत भाडं सुरू होऊ नये, असं लिहा. एसीचा बाहेरचा भाग कुठे बसणार, पाणी कुठे सुटणार, बोर्ड किती लांबीचा, हे नकाशावर खूण करून जोडा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी भांडण बहुतेक याच तीन गोष्टींवरून होतं.

चावी जून ते सप्टेंबर या काळात मिळत असेल तर बिनभाड्याचे ४५ दिवस पुरत नाहीत. पावसात पुट्टी आणि रंग वाळत नाहीत, आणि ओल कुठून येते हेही तेव्हाच दिसतं. ६० दिवस मागा. आणि छत व बाहेरच्या भिंतीची गळती दुरुस्त करणं मालकाकडे ठेवा. गळतीनं सीलिंग पडलं तर नवं कोण घालणार ते लिहून.

## ५. बाहेर पडण्याच्या अटी: दोन्ही बाजूंच्या वेगळ्या

बहुतेक मसुद्यांत "कोणत्याही पक्षाने तीन महिन्यांची नोटीस देऊन पट्टा संपवावा" अशी एकच ओळ असते. दिसायला समान, पण मालकाचं यात काही जात नाही आणि तुमचे साडेसात लाख जातात. ही ओळ मोडून दोन करा.

मालकासाठी लॉक-इन, म्हणजे पट्टा संपवता न येण्याचा काळ, पूर्ण ६० महिने. भाडं दोन महिने थकलं आणि लेखी नोटिशीनंतर ३० दिवसांतही भरलं नाही, किंवा ठरल्याबाहेरचा वापर नोटिशीनंतरही थांबला नाही, तरच त्याला आधी संपवता येईल. मालक याला तयार नसेल तर भरपाई ठरवा. चिकटलेलं काम ४,२०,००० चं, म्हणजे महिन्याला ७,०००. मालकानं तुमची चूक नसताना २६ व्या महिन्याच्या शेवटी जागा मागितली तर ३४ महिने उरतात. ३४ गुणिले ७,००० म्हणजे २,३८,००० त्यानं डिपॉझिटबरोबर द्यायचे. हे सूत्र मालकाला पटतं, कारण त्याची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते.

तुमच्यासाठी लॉक-इन १८ महिने, त्यानंतर तीन महिन्यांची नोटीस. इथं सापळा नोटिशीच्या तारखेचा. नोटीस लॉक-इन संपल्यावरच द्यायची असेल तर तुम्ही २१ महिने अडकलात. "नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र ताबा १८ महिन्यांआधी सोडता येणार नाही" असं लिहा. दरवर्षी ५ टक्के वाढ असताना १४ व्या महिन्याच्या शेवटी धंदा बंद करावा लागला, तर उरलेल्या चार महिन्यांचं भाडं ४२,००० प्रमाणे १,६८,००० कापून २,४०,००० मधले ७२,००० परत येतात. उरलेल्या लॉक-इनचं भाडं हाच कपातीचा जास्तीत जास्त आकडा, यापलीकडे तुम्ही मालकाला काही देणं लागत नाही, असंही कलमात घाला.

पट्टा चालू असताना दुकान विकलं गेलं तर नवा मालक पट्ट्याला बांधील असतो. तरी डिपॉझिट नव्या मालकाकडे वर्ग झाल्याचं लेखी पत्र मिळेपर्यंत जुना मालकही जबाबदार राहील, हे लिहून घ्या.

## ६. नोंदणी

मसुदा बहुधा इंग्रजीत असतो. वकिलाकडून आकडे आणि तारखा असलेली कलमं मराठीत वाचून घ्या. नोंदणी दुकान ज्या तालुक्यात आहे तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रारकडे होते. माहिती ऑनलाइन भरायची, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरायची आणि वेळ घेऊन दोन्ही पक्षांनी दोन साक्षीदारांसह हजर राहायचं. शुल्क मुदत आणि भाड्यावर अवलंबून असतं; ते कोण भरणार ते आधीच ठरवा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो, पण तुम्ही सही आणि नोंदणी एकाच दिवशी करा. डिपॉझिटचा मोठा हप्ताही त्याच दिवशी द्या, आधी नाही.

## ७. चावी परत देताना

ताबा घेण्याच्या दिवशी फोटो काढून परिशिष्टात लावले असतील तर हा दिवस सोपा जातो. पट्ट्यात "मूळ स्थितीत परत" असेल तर मालक तुमच्याच टाइल्स उखडून द्यायला सांगू शकतो. म्हणून "वापरातील नैसर्गिक झीज आणि परिशिष्टातील चिकटलेले काम वगळून" हे शब्द आधीच हवेत.

सोडण्याच्या १५ दिवस आधी दोघांनी मिळून पाहणी करा आणि दुरुस्त्यांची यादी त्याच जागी सहीनिशी ठरवा. नंतर सुचलेली दुरुस्ती धरायची नाही. मुदतीआधी सोडत असाल तर सरेंडर डीड, म्हणजे पट्टा सोडल्याचा दस्त, करून तेही नोंदवा. नाही तर नोंदणीच्या दप्तरात पट्टा चालूच दिसतो आणि पुढचा भाडेकरू आला की मालक तुम्हाला सही मागायला शोधत येतो. धंद्याचा परवाना बंद करण्याचा अर्ज आणि जीएसटीतला पत्त्याचा बदल त्याच आठवड्यात करा.

शेवटचं वीजबिल चावी दिल्यानंतर येतं, म्हणून मालक सगळं डिपॉझिट अडवून ठेवतो. मागच्या तीन बिलांच्या सरासरीइतकीच रक्कम त्याच्याकडे राहील, उरलेले पैसे चावी देतानाच खात्यात जमा होतील, आणि ती रक्कमही बिल दाखवून ४५ दिवसांत मिटवली जाईल, असं कलम ठेवा. बँकेचा मेसेज आला की चावी द्या आणि ताबा पावतीवर मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या.